पगार झाला की पुन्हा रमी

प्रश्न : माझे पती ऑनलाइन रमीत साडेतीन लाख रुपये हरले. मुलांची शपथ घेऊन सोडतात, पण पगार झाला की पुन्हा खेळतात. दागिने मोडून कर्ज फेडलं तर सुटतील का? की त्यांना मनापासून सोडायचंच नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, शपथ घेताना ते बहुधा खोटं बोलत नसतात. आपला मेंदू बक्षिसाचा सतत अंदाज बांधतो. अंदाजापेक्षा जास्त मिळालं की डोपामीन उसळतं. हळूहळू ती उसळी जिंकण्याआधीच, नुसत्या इशाऱ्यावर येऊ लागते. त्यांच्या बाबतीत तो इशारा म्हणजे पगाराचा मेसेज. नोकरीचा पगार ठरलेला असतो. रमीतला डाव कधी लागेल हे कळत नाही, म्हणून मेंदूचा अंदाज कधीच पक्का होत नाही आणि ओढ टिकते.

दागिने मात्र मोडू नका. कर्ज एकरकमी फिटलं की खेळायला मोकळीक मिळते. त्याऐवजी त्यांच्या संमतीने पगार तुमच्या खात्यात वळवा, यूपीआय आणि कर्जाची अॅप काढून टाका, सावकाराशी हप्ते ठरवा. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ हातात पैसा आणि फोन नसला तर ती निभावता येते.

मानसोपचारतज्ज्ञ वर्तनोपचारातून हेच शिकवतात आणि ‘हरलेले परत मिळवीन’ हा समज तपासतात. काहींना नाल्ट्रेक्सोन हे औषध उपयोगी पडतं, पण ते यकृताची तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं. पुन्हा घसरले तर उपचार थांबवू नका.

ते ‘जगून काय करू’ असं बोलले तर त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ वर त्याच दिवशी फोन करा.