‘धोका’ नको, ‘तीव्रता’ लिहा

प्रश्न : एफएमईए तक्ता मराठीत करताना ‘सिव्हिरिटी’ला ‘धोका’ लिहिलं, तर कामगार कमी गुण देतात. असं का?

उत्तर : ‘धोका’ म्हटलं की किती वाईट आणि किती वेळा, दोन्ही मनात येतं. ब्रेक पाइपचा नट सैल राहिला, तर तेल गळून ब्रेक लागत नाही, तीव्रता १०. नट क्वचितच सैल राहतो, वारंवारता २. ‘धोका’ वाचणारा दोन्ही मिसळून ५ देतो. म्हणून रकान्यांना ‘परिणामाची तीव्रता’ आणि ‘कारणाची वारंवारता’ म्हणा. १ ते १० पायऱ्या तशाच ठेवा. वारंवारतेच्या पायऱ्यांत ‘अधूनमधून’, ‘कधीकधी’ यांतला फरक कुणाला कळत नाही. तिथे मूळ तक्त्यातलं हजारी प्रमाणच लिहा. शेवटी जुने गुण झाकून दहा ओळींना मराठी तक्त्यावरून पुन्हा गुण द्यायला सांगा. आकडा बदलला, तर तिथली व्याख्या दुरुस्त करा.