पन्नास हर्ट्झची गुणगुण

प्रश्न: धानाच्या बांधीतल्या ओलावा-सेन्सरच्या सिग्नलमध्ये विजेची 50 हर्ट्झची गुणगुण येते. 10 किलोओहम आणि 1 मायक्रोफॅरडचा आरसी फिल्टर पुरेल का? – एक वाचक, कोंढा (जि. भंडारा)

उत्तर: अर्धवटच. H(jω) = 1/(1 + jωRC). तुमचा RC 0.01 सेकंद, म्हणून कटऑफ 1/(2πRC), सुमारे 15.9 हर्ट्झ, तिथे सिग्नल 70.7 टक्के उरतो आणि 45 अंश मागे पडतो. 50 हर्ट्झला ωRC 3.14 होतो, म्हणून 1/√(1 + 3.14²), म्हणजे 30 टक्के गुणगुण उरते, 72 अंश मागे पडलेली. ओलावा तासातासाने बदलतो, तेव्हा बेधडक 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ती 3 टक्क्यांवर येईल. मात्र पुढच्या मीटरचा इनपुट रोध 10 किलोओहमच असेल, तर ओलाव्याचा सिग्नलही निम्मा होईल आणि कटऑफ दुप्पट.