प्रवाळ विरंजन : कारणे, तापमानमर्यादा व पुनरुज्जीवन

प्रश्न : प्रवाळ विरंजन म्हणजे काय? त्याची कारणे, तापमानाची मर्यादा व पुनरुज्जीवन ही सोदाहरण स्पष्ट करा.

उत्तर :

प्रस्तावना : यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तरी आपण तग धरतो. समुद्रातील प्रवाळाला मात्र नेहमीच्या उन्हाळ्याहून एक अंश अधिक उष्णताही काही आठवडे टिकली तर सोसत नाही. असे का होते, हे समजून घेण्यासाठी आपल्याच राज्याच्या किनाऱ्यापासून आरंभ करू. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तेथील प्रवाळांतही विरंजनाची नोंद केली आहे.

विरंजन म्हणजे काय : प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो प्राणी आहे. पॉलिप नावाचे असंख्य लहान जीव चुन्याचा सांगाडा रचून वसाहतीने राहतात. त्यांच्या पारदर्शक पेशींत सूक्ष्म शैवाले वास करतात. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळ त्याला आसरा व पोषकद्रव्ये पुरवतो. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या शैवालाचाच असतो. शैवाल निघून गेले की पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळ विरंजन म्हणतात.

कारणे : मुख्य कारण म्हणजे पाण्याची वाढलेली उष्णता व तिच्या जोडीला प्रखर सूर्यप्रकाश. अशा वेळी शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते व ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात. ती पेशींना इजा करतात, म्हणून प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो. जो अन्नदाता होता, त्यालाच घराबाहेर काढावे लागते. अतिवृष्टीने खारेपणा घटणे, नदीचा गाळ साचणे, मोठ्या ओहोटीत उघडे पडणे यांमुळेही विरंजन होते. पण ते बहुधा स्थानिक राहते. शेकडो किलोमीटर समुद्र एकाच वेळी पांढरा पडला, तर उष्णतेकडेच बोट दाखवावे लागते.

तापमानमर्यादा : सर्व समुद्रांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. प्रत्येक ठिकाणचे प्रवाळ तेथील नेहमीच्या उन्हाळ्याला सरावलेले असतात. म्हणून त्या जागी वर्षातील सर्वांत उष्ण महिन्याचे दीर्घकालीन सरासरी तापमान घेतात व त्यात एक अंश मिळवतात. ही झाली विरंजनाची मर्यादा. ती ओलांडली गेल्यावर किती अंश व किती आठवडे, हे दोन्ही मोजले जाते. या मापाला अंश-आठवडे म्हणू.

उदाहरण घेऊ. समजा, एका ठिकाणी ही सरासरी २९.५ अंश आहे. चार आठवड्यांचे तापमान अनुक्रमे ३०.७, ३०.२, ३१.० व ३१.२ अंश राहिले. सरासरीपेक्षा वाढ झाली १.२, ०.७, १.५ व १.७ अंश. दुसऱ्या आठवड्याची वाढ एका अंशाहून कमी असल्याने ती धरावयाची नाही. उरलेल्यांची बेरीज ४.४ अंश-आठवडे. बारा आठवड्यांच्या काळात ही बेरीज ४ वर गेली की लक्षणीय विरंजन अपेक्षित असते. ८ वर गेली की व्यापक विरंजन व मृत्यू संभवतात. मात्र हे माप उपग्रहाने टिपलेल्या पृष्ठभागाच्या तापमानावर आधारलेले असते. गढूळ पाणी, खोली व प्रवाळाची जात यांनुसार प्रत्यक्ष परिणाम बदलतो.

पुनरुज्जीवन : पांढरा प्रवाळ म्हणजे मेलेला प्रवाळ नव्हे, तो उपाशी प्रवाळ आहे. जवळून पाहिल्यास त्याचे पॉलिप दिसतात. पाणी वेळेत निवले, तर काही आठवड्यांत वा महिन्यांत शैवाल पुन्हा वाढते व रंग परततो. उपासमार लांबली तर मांस झडते आणि उघड्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाची लव चढते. ही मृत्यूची खूण होय. त्यानंतर नव्या अळ्या येऊन रुजण्यावरच सारी भिस्त राहते, आणि त्याला वर्षे लागतात.

लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनीच घडलेली आहेत. तेथे १९९८, २०१०, २०१६ व २०२४ साली मोठे विरंजन झाले. म्हणजे मधली विश्रांती बारा, सहा व आठ वर्षांची. संशोधकांना तेथे असे आढळले की, पुनरुज्जीवनाला वेग येण्यासाठी सुमारे सहा वर्षांची विरंजनमुक्त विश्रांती लागते. तरीही १९९८ ते २०२२ या काळात अभ्यासलेल्या बेटांवरील प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आले. भरपाई होत होती. पण पुरी होण्याआधीच पुढचा आघात येत होता.

निष्कर्ष : विरंजनात तापमानाच्या आकड्याइतकाच काळही निर्णायक असतो. उष्णता किती आठवडे टिकली यावर प्रवाळाचे जगणे ठरते, आणि दोन आघातांमध्ये किती वर्षे मिळाली यावर प्रवाळभित्तीचे. गाळ व सांडपाणी रोखल्याने वाचलेल्या प्रवाळाला सावरण्यास मदत होते; परंतु समुद्र तापतच राहिला, तर ती विश्रांतीची वर्षे त्यातून मिळत नाहीत.