टेस्टोस्टेरॉन थांबवल्यावर

प्रश्न : दोन वर्षं टेस्टोस्टेरॉन घेतलं, आता थांबवतेय. शरीर पूर्ववत होईल?

उत्तर : अंडाशय शाबूत असतील तर पाळी बहुधा काही महिन्यांत परतते. त्याआधीही गर्भ राहू शकतो, हे ध्यानात ठेवा. घोगरा झालेला आवाज मात्र आपोआप बदलत नाही. त्यासाठी व्हॉइस थेरपी, दाढीसाठी लेझर. अंडाशय काढले असतील तर हाडांसाठी हार्मोन लागतातच, म्हणून डॉक्टरांना संकोचून टाळू नका.

थांबण्यामागची कारणं वेगवेगळी असतात. अमेरिकेतल्या २०१५च्या ट्रान्स व्यक्तींच्या सर्वेक्षणात, संक्रमणातून कधीतरी मागे फिरलेल्या बहुतेक ट्रान्स व्यक्तींनी घरचा दबाव, भेदभाव अशी बाहेरची कारणं सांगितली. त्यात स्वतःला ट्रान्स न मानणारे नव्हतेच. काहींना मात्र खरोखर आपली ओळख वेगळी उमगते. समुपदेशकाने तुमचं कारण नीट ऐकावं. पुढचा निर्णय तुमच्यावर लादू नये.