दुधाच्या स्लिपवरून पैसे कसे काढायचे? लिटर, फॅट आणि दर

परवा उमरग्यात माझ्या दुकानात ओळखीचा एक पोरगा आला. दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला घालतो. मोबाईलमध्ये स्लिपचा फोटो दाखवत म्हणाला, "सर, हे लोक रोज पाच रुपये कापतायत. दहा दिवसांच्या पगारात पन्नास गेले. उद्या जाऊन भांडणारच आहे." मी म्हटलं, आधी बस, हिशोब करू. तोच हिशोब आज तुमच्यासाठी लिहितोय. वही-पेन घ्या.

स्लिपवर दोन वेळचं दूध होतं. सकाळी ७.४ लिटर, फॅट ६.८. संध्याकाळी ५.६ लिटर, फॅट ७.५. डेअरीचा म्हशीच्या दुधाचा दर होता ८ रुपये प्रति फॅट, म्हणजे फॅटच्या एका पूर्ण अंकाला ८ रुपये.

आता पहिली पायरी: एका लिटरचा भाव काढा. फॅट गुणिले दर.

सकाळ: ६.८ × ८ = ५४.४० रुपये लिटर
संध्याकाळ: ७.५ × ८ = ६०.०० रुपये लिटर

दुसरी पायरी: हा भाव त्याच वेळच्या लिटरने गुणा.

सकाळ: ५४.४० × ७.४ = ४०२.५६
संध्याकाळ: ६०.०० × ५.६ = ३३६.००
एकूण: ७३८.५६ रुपये

स्लिपवरही हाच आकडा होता. मग पाच रुपये कुठून आले? त्याने दोन्ही फॅटची सरासरी काढली होती, ७.१५. दिवसाचं दूध १३ लिटर. ७.१५ × ८ × १३ = ७४३.६०. फरक बरोबर ५.०४ रुपयांचा.

चूक इथेच आहे. सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी, संध्याकाळी दूध कमी आणि फॅट जास्त. रात्रीचा खंड मोठा असला की बहुतेक वेळा असंच होतं. साधी सरासरी काढली की संध्याकाळच्या थोड्या दुधाला सकाळच्या जास्त दुधाइतकंच वजन मिळतं, आणि आकडा फुगतो. म्हणून नियम एकच: प्रत्येक वेळचा हिशोब वेगळा करायचा, बेरीज शेवटी करायची. डेअरी बरोबर होती, आपला पोरगा चुकला होता. भांडायला गेला असता तर तोंडघशी पडला असता.

आता फोटोचा मुद्दा. स्लिपचा कागद बऱ्याचदा उष्णतेने छापणारा असतो, त्यावरची अक्षरं हळूहळू फिकी पडतात. म्हणून फोटो त्याच दिवशी, सपाट जागेवर ठेवून काढा. तरीही ६.८ आहे की ६.३ हे कळत नसेल तर उलटा हिशोब करा. रक्कम भागिले लिटर, भागिले दर: ४०२.५६ ÷ ७.४ = ५४.४०, आणि ५४.४० ÷ ८ = ६.८. म्हणजे आकडा ६.८ च आहे. ६.३ असता तर रक्कम ३७२.९६ आली असती.

तीन ठिकाणी लोक फसतात, ती लक्षात ठेवा.

एक, स्लिपवरचा "रेट" हा बऱ्याचदा एका लिटरचा भाव असतो, फॅटचा दर नाही. तिथे ५४.४० दिसलं तर त्याला परत फॅटने गुणू नका. थेट लिटरने गुणा.

दोन, "पॉइंट" शब्द. बरेच जण ०.१ फॅटला एक पॉइंट म्हणतात. पूर्ण फॅटला ८ रुपये असतील तर अशा एका पॉइंटला ८० पैसे. दर विचारताना "पूर्ण फॅटला की पॉइंटला?" हे स्पष्ट विचारा.

तीन, गायीचं दूध. त्याला ही रीत सरसकट लावू नका. तिथे साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला मूळ भाव ठरतो आणि पुढे पॉइंटप्रमाणे पैसे वाढतात किंवा कमी होतात. समजा मूळ भाव ३० रुपये, पॉइंटला ३० पैसे, एसएनएफ ८.५ आणि फॅट ३.८. तीन पॉइंट जास्त, म्हणजे ३०.९० रुपये लिटर. म्हशीच्या दुधातही एसएनएफ कमी लागला तर काही डेअऱ्या कपात करतात. हिशोब जुळला नाही तर आधी दरपत्रक मागा, मग बोला.

आता तुम्ही करा: ६.२ लिटर, फॅट ७.१, दर ८ रुपये. उत्तर ३५२.१६ आलं पाहिजे. नाही आलं तर आधी लिटरचा भाव ५६.८० आला होता का, ते तपासा.