एक महिन्याची परवानगी

ताप आला म्हणून दोन दिवसांच्या रजेचा अर्ज तुम्ही लिहिला असेल. आज आपण त्याहून अवघड अर्ज पाहू. अर्ज, मंजूर, हजर हे शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेत. 'रजा' या शब्दाबाबत मात्र जपा. उर्दूत 'रज़ा' म्हणजे संमती. मराठीत 'रजा' म्हणजे सुट्टी.

समजा, पालघरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी आहे. तिचा विषय रसायनशास्त्र. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषधाच्या कारखान्याने तिला महिनाभर प्रयोगशाळेत काम शिकण्यासाठी बोलावले आहे. अशा शिक्षणाला इंटर्नशिप म्हणतात. पण बोलावणे ऑगस्टचे आहे, आणि ऑगस्टमध्ये कॉलेज चालू असते.

तिच्या मनात पहिला विचार आला, "असाइनमेंट आधीच लिहून दिल्या की झाले!" पण तेवढ्याने भागत नाही. लेखी काम आधी देता येते. हजेरी आधी देता येत नाही. कॉलेजात साधारणपणे ७५ टक्के हजेरी लागते. ती कमी पडली, तर परीक्षेला बसणे अडते. प्राचार्यांनी रजा मंजूर केली, तरी ते दिवस हजेरीत धरले जातीलच असे नाही.

म्हणून अर्जाआधी तिने हिशेब केला. सत्रात कॉलेजचे ९० दिवस आहेत. त्यांचे ७५ टक्के म्हणजे साडेसदुसष्ट. म्हणून ६८ दिवस हजर राहायला हवे. गैरहजर राहता येतील फक्त २२ दिवस. ऑगस्टमध्ये रविवार व सुट्ट्या सोडून कॉलेजचे २४ दिवस होते. शिवाय जूनमध्ये तापामुळे तिचे ३ दिवस बुडाले होते. एकूण झाले २७. म्हणजे ५ दिवस जास्त!

मग तिने कारखान्याला विचारले, "शनिवारी मी कॉलेजात गेले तर चालेल का?" कारखान्याने होकार दिला. त्या महिन्यात पाच शनिवार होते. २७ मधून ५ गेले, उरले बरोबर २२. शनिवारी प्रात्यक्षिकेही होती. तीही आधी करून देता येत नाहीत, म्हणून हा दिवस दुहेरी उपयोगाचा ठरला.

त्यानंतर ती चारही प्राध्यापकांना भेटली व ऑगस्टच्या असाइनमेंटचे विषय तिने आधीच मागून घेतले. लेखन पूर्ण करून दिल्यावर एका कागदावर तारीख व सही घेतली. सही नसेल, तर काम दिल्याचा पुरावा राहत नाही. मग तिने अर्ज लिहिला :

दिनांक : १५ जुलै

प्रति,
माननीय प्राचार्य,
(रसायनशास्त्र विभागप्रमुखांमार्फत)

विषय : १ ते ३१ ऑगस्ट या काळात इंटर्नशिपसाठी परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,
मी तृतीय वर्ष बी.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. तारापूर येथील औषधनिर्मिती कारखान्यात मला एक महिन्याची इंटर्नशिप मिळाली आहे. कारखान्याने ऑगस्ट महिनाच ठरवून दिला आहे.
या काळात मी १९ दिवस वर्गात येऊ शकणार नाही. दर शनिवारी मी प्रात्यक्षिकांना हजर राहीन. पूर्वीचे ३ दिवस धरून माझी गैरहजेरी २२ दिवस होईल व हजेरी ७५ टक्क्यांहून कमी होणार नाही.
चारही विषयांच्या असाइनमेंट मी सादर केल्या आहेत. २० ऑगस्टची चाचणी सप्टेंबरमध्ये देण्याची सवलत मिळावी, ही विनंती.
सोबत कारखान्याचे पत्र, असाइनमेंटची सही केलेली यादी व पालकांचे संमतिपत्र जोडले आहे. कृपया परवानगी द्यावी.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
अ. ब. क.

पाहा, या अर्जात "माझ्या भवितव्याचा प्रश्न आहे" असे कोठेही लिहिलेले नाही. प्राचार्यांना जे विचारावे लागले असते, त्याचे उत्तर तिने आधीच दिले आहे. एक काळजी मात्र उरते. २२ दिवसांची मर्यादा पूर्ण भरली आहे. यापुढे सत्रात एक दिवस जरी चुकला, तरी ती परीक्षेला अडू शकते. म्हणून परवानगी मिळताच तिने लेखी उत्तराची एक प्रत स्वतःजवळ ठेवली आणि कार्यालयात दर महिन्याला आपली हजेरी तपासायचे ठरवले.

शब्दार्थ
सत्र – कॉलेजच्या वर्षाचा एक भाग
प्रात्यक्षिक – स्वतः करून पाहायचा प्रयोग
मार्फत – च्या हस्ते, च्या द्वारे
सवलत – सूट

स्वाध्याय
१. असाइनमेंट आधी दिल्या तरी कोणती अडचण उरते?
२. शनिवारी कॉलेजात गेल्याने कोणते दोन फायदे झाले?
३. सत्र ८० दिवसांचे असेल, तर किती दिवस गैरहजर राहता येईल? हिशेब करा.
४. क्रीडास्पर्धेसाठी आठ दिवसांची परवानगी मागणारा अर्ज मुख्याध्यापकांना लिहा.