हाबेन की झाइन? : जर्मन पूर्णकाळातील एक निवड

जर्मन शिकू लागलेल्या मराठी वाचकाला पहिल्या काही महिन्यांतच एका अडचणीशी गाठ पडते. घडून गेलेली गोष्ट सांगण्यासाठी बोलीच्या जर्मनमध्ये बहुधा पूर्णकाळ वापरतात. त्यासाठी मुख्य क्रियापदाचे भूतवाचक कृदन्त घ्यायचे आणि त्याच्या जोडीला एक सहायक क्रियापद योजायचे. येथवर सारे सोपे आहे. मात्र सहायक क्रियापदे दोन आहेत : ‘हाबेन’ म्हणजे जवळ असणे, बाळगणे, आणि ‘झाइन’ म्हणजे असणे. ‘मी पत्र लिहिले’ हे ‘हाबेन’ने सांगावे लागते, ‘मी गेलो’ हे ‘झाइन’ने. मराठीत ‘लिहिले आहे’ आणि ‘गेलो आहे’ या दोहोंत एकच ‘आहे’ येतो. शिवाय ‘हाबेन’शी जुळणारे क्रियापद आपल्याकडे मुळातच नाही. आपण ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ असे म्हणतो. त्यामुळे निवडीचा हा प्रश्न आपल्याला सर्वस्वी नवा वाटतो.

पाठ्यपुस्तके साधारणपणे एक नियम देतात : गतिवाचक आणि अवस्थांतरवाचक अकर्मक क्रियापदांना ‘झाइन’, इतरांना ‘हाबेन’. नियम खोटा नाही. परंतु त्यातील ‘गती’ हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो. नाचणारा माणूस बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक हालतो. तरीही ‘आम्ही रात्रभर नाचलो’ हे जर्मनमध्ये ‘वीर हाबेन डी गान्त्से नाख्ट गेटान्त्स्ट’ असे होते, म्हणजे तेथे ‘हाबेन’ येते. उलट ‘आम्ही नाचत नाचत बागेत गेलो’ असे म्हणायचे झाले की तेच क्रियापद ‘झाइन’ मागते : ‘वीर झिंट इन डेन गार्टेन गेटान्त्स्ट’. पाय दोन्ही वेळा सारखेच थिरकले. फरक इतकाच की पहिल्या वाक्यात नाच हा केवळ एक उद्योग होता, आणि दुसऱ्यात त्या नाचाने कर्त्याला एका जागेहून दुसऱ्या जागी नेऊन पोहोचवले. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘हालचाल झाली का?’ हा नव्हे. क्रिया संपल्यावर कर्ता नव्या ठिकाणी किंवा नव्या अवस्थेत आहे का, हे विचारावे.

हा भेद कोठून आला हे पाहिले म्हणजे तो लक्षात ठेवणे सोपे जाते. नवव्या शतकात फुल्डा येथील मठात शुभवर्तमानांचे जे प्राचीन जर्मन रूपांतर झाले, त्यात एका माणसाच्या द्राक्षमळ्यातील अंजिराच्या झाडाची गोष्ट येते. तेथील वाक्याचा शब्दशः अर्थ ‘त्याच्याकडे एक लावलेले अंजिराचे झाड होते’ असा आहे. ‘लावलेले’ या कृदन्ताला झाडाशी जुळणारा विभक्तिप्रत्ययही लागलेला आहे. म्हणजे ‘हाबेन’ तेथे अजून खऱ्याखुऱ्या ताब्याचा अर्थ बाळगून होते. पुढे प्रत्यय गळाला, आणि ‘लावलेले झाड जवळ आहे’ याचे ‘झाड लावले आहे’ असे झाले. ‘झाइन’ची वाट वेगळी होती. ‘तो गेलेला आहे’, ‘ती मेलेली आहे’ अशा वाक्यांत कृदन्त हे कर्त्याचेच विशेषण असते. जो गेला तोच गेलेला. जे झाड लावले ते मात्र लावणाऱ्याहून वेगळे. कृदन्त कोणाचे वर्णन करते, या एका प्रश्नावर पुढची सारी विभागणी उभी राहिली.

यातून एक कसोटी हाती येते. कृदन्त कर्त्याच्या नावापुढे विशेषण म्हणून लावून पाहावे. ‘पोहोचलेली गाडी’ (डेर आनगेकोमेने त्सूग) हे जर्मनमध्ये चालते, आणि ‘पोहोचणे’ ‘झाइन’ घेते. ‘हसलेला माणूस’ असे जर्मन मनुष्य आपल्या भाषेत कधीच म्हणणार नाही, आणि ‘हसणे’ ‘हाबेन’ घेते. अवस्थांतराच्या बाबतीत ही कसोटी सहसा फसत नाही. गतीच्या क्रियापदांसाठी मात्र ठिकाण जोडून पाहावे लागते : नुसता ‘धावलेला माणूस’ कानाला खटकतो, ‘घरी धावत गेलेला माणूस’ खटकत नाही.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला हे सारे थोडे ओळखीचे वाटेल. क्त प्रत्यय एरवी कर्मणी किंवा भावे येतो. पाणिनीने तिसऱ्या अध्यायात गत्यर्थक आणि अकर्मक धातूंना तो कर्तरीही दिला आहे. म्हणूनच ‘गतः’ म्हणजे स्वतः गेलेला. त्या सूत्रात जन् आणि रुह् यांच्या पंक्तीला शी, स्था व आस् हेही धातू बसले आहेत. ते तेथे का आले याची व्याकरणकारांची कारणे वेगळी आहेत. तथापि निजणे, उभे राहणे आणि बसणे या तिघांची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

आता एक लहानसा प्रसंग घेऊ. फ्रांकफुर्टला राहणारा एक मराठी विद्यार्थी आपल्या रविवारची हकीकत जर्मनमध्ये लिहीत आहे. मनातील मराठी मजकूर असा : ‘सहाला जागा झालो. न्याहारी केली. गाडीने हायडेलबेर्गला गेलो. किल्ल्याच्या टेकडीवर चढलो. एका बाकावर बसलो. लगेच झोपलो. दोन तास झोपलो. गाडी चुकली. रात्री तेथेच राहिलो.’

जागे होणे हे निद्रेतून जागृतीत येणे आहे. ‘इश् बिन आउफगेवाख्ट’. आईने जागे केले असते तर ती क्रिया सकर्मक झाली असती आणि ‘हाबेन’ आले असते. न्याहारी ‘हाबेन’नेच होते, खाणारा तृप्त होतो खरा, पण क्रियापद ते सांगत नाही. हायडेलबेर्गला जाणे आणि टेकडीवर चढणे यांत ठिकाण बदलले, म्हणून दोन्हीकडे ‘झाइन’ : ‘इश् बिन नाख हायडेलबेर्ग गेफारेन’. हाच विद्यार्थी स्वतः मोटार चालवीत गेला असता आणि त्याला मोटारीविषयी बोलायचे असते, तर ‘इश् हाबे डास आउटो गेफारेन’ असे लिहावे लागले असते, कारण आता चालवली गेलेली वस्तू कर्म म्हणून समोर उभी आहे. मात्र कर्मासारखे दिसणारे प्रत्येक नाम कर्म नसते. ‘मी पाच किलोमीटर धावलो’ यात किलोमीटर हे केवळ माप आहे. तेथे ‘झाइन’ टिकून राहते.

खरी अडचण बाकावर सुरू होते. मराठी ‘बसलो’ या एका शब्दात दोन घटना दडलेल्या असतात : उभा होतो तो खाली बसलो, आणि काही वेळ बसून होतो. ‘झोपलो’चेही तसेच. ‘लगेच झोपलो’ म्हणजे झोप लागली; ‘दोन तास झोपलो’ म्हणजे झोपेत होतो. आपण संदर्भाने अर्थ लावतो आणि दोन्हीकडे एकच रूप खुशाल वापरतो. जर्मन ही मोकळीक देत नाही. झोप लागणे हे ‘आइनश्लाफेन’; त्यात अवस्था बदलते, म्हणून ‘इश् बिन आइनगेश्लाफेन’. झोपेत असणे हे ‘श्लाफेन’. त्यात काहीच बदलत नाही, म्हणून ‘इश् हाबे त्स्वाइ श्टुंडेन गेश्लाफेन’. मराठी विद्यार्थी हटकून ‘इश् बिन गेश्लाफेन’ असे लिहितो ते ‘मी झोपलो’ हे कर्तरी रूप कानात घुमत असते म्हणून. मराठी प्रायः क्रिया सकर्मक की अकर्मक एवढेच पाहते : ‘त्याने पत्र लिहिले’, पण ‘तो गेला’, ‘तो हसला’, ‘तो नाचला’, ‘तो झोपला’. जर्मन या अकर्मकांच्या रांगेतूनही आणखी एक रेघ ओढते. म्हणून आपला ‘ने’ निम्म्या वाटेपर्यंतच सोबत करतो. जेथे ‘ने’ येतो तेथे बहुधा ‘हाबेन’ असते. जेथे येत नाही तेथे विचार करणे आपल्यावर येते.

बसण्याचे उत्तर त्याहून चमत्कारिक आहे. खाली बसणे हे जर्मनमध्ये आत्मवाचक आहे, जणू माणूस स्वतःला बसवतो. आणि सर्व आत्मवाचक क्रियापदे ‘हाबेन’ घेतात, मग बदल कितीही मोठा असो. ‘सर्दी होणे’ हेही असेच आत्मवाचक असल्यामुळे ‘हाबेन’ने होते. बसून असणे ही स्थिर अवस्था. प्रमाण ग्रंथभाषेत ‘इश् हाबे गेझेसेन’. परंतु दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथे ‘इश् बिन गेझेसेन’ असेच म्हणतात. उभे असणे व पडून असणे यांचीही तीच कथा. ते लोक चुकत नाहीत. आपण ज्यांच्यात राहतो त्यांच्यासारखे बोलावे. परीक्षेत मात्र ‘हाबेन’ लिहिलेले बरे.

गाडी चुकणे मराठीत गाडीकडे सोपवले जाते. जर्मनमध्ये ती आपण चुकवतो, म्हणून सकर्मक आणि ‘हाबेन’. शेवटी राहणे. ‘ब्लाइबेन’मध्ये ना गती ना बदल, नियमाप्रमाणे ‘हाबेन’ हवे, पण येते ‘झाइन’ : ‘इश् बिन गेब्लीबेन’. खुद्द ‘असणे’ हेही ‘झाइन’च घेते. हे दोन अपवाद पाठ करावेत. त्यांना नियमात कोंबण्याची खटपट करू नये.

उलट दिशेचे अपवाद अधिक फसवे आहेत. सुरू होणे (आनफांगेन) आणि वाढणे (त्सूनेमेन) यांत बदल उघड दिसतो, तरी दोन्ही ‘हाबेन’ घेतात. त्यांच्या पोटात ‘पकडणे’ आणि ‘घेणे’ ही सकर्मक क्रियापदे आहेत, आणि कर्म दिसेनासे झाले तरी जुने सहायक सुटलेले नाही. अशा ठिकाणी तर्कावर भिस्त न ठेवता कोश उघडावा. चांगले जर्मन कोश ‘झाइन’ घेणाऱ्या क्रियापदापुढे तशी खूण देतात. एकाच क्रियापदापुढे दोन्ही सहायकांच्या खुणा दिसल्या तर अर्थ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘श्मेल्त्सेन’ म्हणजे वितळणे आणि वितळवणे. बर्फ वितळले तर ‘डेर श्ने इस्ट गेश्मोल्त्सेन’, आणि उन्हाने बर्फ वितळवले तर ‘डी झोने हाट डेन श्ने गेश्मोल्त्सेन’.